शून्य, शून्य, शून्य, शून्य आणि मग एक

शून्यापासून अनंतापर्यंत xⁿ e⁻ˣ याचं इंटिग्रल काढा, असा प्रश्न कॅल्क्युलस शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी सोडवलेला असतो. उत्तर n! येतं, तेही पाठ असतं. बाय पार्ट्स लावायचं, n एकाने कमी होतो, पुन्हा लावायचं, पुन्हा कमी होतो, शेवटी फॅक्टोरियल हातात पडतं. चार ओळींत काम संपतं आणि आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

मला मात्र या चार ओळींत एक गोष्ट कायम खटकत आली. बाय पार्ट्स दर वेळी दोन वस्तू देतं: एक टोकांवरचं पद, म्हणजे वरची आणि खालची मर्यादा भरून मिळणारी किंमत, आणि दुसरं उरलेलं इंटिग्रल. या उदाहरणात टोकांवरचं पद दर वेळी शून्य होतं. तसं ते झालं की आपण ते खोडून पुढे जातो. मग उत्तरातला आकडा येतो कुठून? पायरीगणिक शून्य मिळत असेल, तर शेवटी २४ किंवा १२० कसे उभे राहतात? प्रश्न बाळबोध वाटेल, पण त्याच्या मागे गेलं की या इंटिग्रलची सगळी रचना उघडी पडते.

n = 4 घेऊन चालू. मोठा n घेतला तर पानं भरतात आणि n = 1 किंवा 2 घेतला तर खेळ सुरू होण्याआधीच संपतो. चार बरोबर बेताचा आहे.

आधी आलेख डोळ्यांपुढे आणायला हवा, कारण आकडेमोडीत रमलं की आपण कोणाचं क्षेत्रफळ काढतोय हेच विसरायला होतं. x⁴ e⁻ˣ हे फलन x = 0 ला शून्य असतं. सुरुवातीला x⁴ चं राज्य असतं, त्यामुळे वक्र आधी जमिनीला चिकटून सरकतो आणि मग झपाट्याने वर चढतो. x = 4 ला शिखर येतं, उंची साधारण ४.६९. त्यानंतर e⁻ˣ चा जोर चालू होतो आणि वक्र उतरणीला लागतो. दहापाशी उंची ०.४५ राहते, विसापाशी ०.०००३३, आणि तिसापाशी तर दशांश चिन्हानंतर सात शून्यं लिहावी लागतात. तो शून्याला टेकत मात्र कधीच नाही. अशा कधीच न संपणाऱ्या शेपटीखालचं क्षेत्रफळ, आणि त्यात e सारखी अपरिमेय संख्या, तरीही उत्तर नेमकं पूर्णांक. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही आहे हे मान्य करूनच पुढे जावं.

आता बाय पार्ट्स. x⁴ ला डेरिव्हेटिव्ह घेण्यासाठी ठेवायचं आणि e⁻ˣ ला इंटिग्रेट करायचं. e⁻ˣ चं इंटिग्रल −e⁻ˣ आणि x⁴ चं डेरिव्हेटिव्ह 4x³, म्हणून

∫₀^∞ x⁴ e⁻ˣ dx = [ −x⁴ e⁻ˣ ]₀^∞ + 4 ∫₀^∞ x³ e⁻ˣ dx

दोन उणे चिन्हं मिळून अधिक झालं, हे इथे एकदा नीट पाहून ठेवावं. पुढच्या प्रत्येक पायरीवर हेच होतं. सूत्रातलं उणे आणि −e⁻ˣ मधलं उणे एकमेकांना खातात. उत्तरात कुठेतरी उणे शिरलं, तर तपासायला एक सोपी खूण आहे: x धन असताना x⁴ e⁻ˣ धनच असतं, त्यामुळे क्षेत्रफळ ऋण येऊच शकत नाही.

टोकांवरच्या पदाकडे येऊ. खालचं टोक सोपं: x = 0 ठेवलं की 0⁴ × 1, म्हणजे शून्य. वरचं टोक तेवढं सोपं नाही. तिथे x⁴ अनंताकडे पळतो आणि e⁻ˣ शून्याकडे, मग गुणाकार कुठे जाईल? "एक्सपोनेन्शियल जास्त बलवान असतं" असं म्हणून लोक वेळ मारून नेतात. बलवान असतं हे खरंच, पण ते दाखवायला फारसा त्रासही पडत नाही. e^x ची मालिका आठवा: 1 + x + x²/2! + x³/3! + … x धन असेल तर सगळी पदं धन, म्हणून e^x हे त्यातल्या कुठल्याही एका पदापेक्षा मोठंच असणार. पाचव्या घाताचं पद उचलू: e^x > x⁵/120. म्हणजे

x⁴ e⁻ˣ = x⁴ / e^x < 120 / x

आणि उजवी बाजू x वाढला की शून्याकडे जाते. x⁴ पेक्षा एक घात वरचं पद निवडायचं, एवढीच युक्ती. xⁿ साठी हेच करायचं तर x^(n+1)/(n+1)! हे पद उचलावं, (n+1)!/x इतकी वरची मर्यादा मिळते. लोपितालचा नियम n वेळा लावूनही हेच सिद्ध होतं, पण मला ही एका ओळीची असमानता जास्त आवडते. शून्याकडे निदान किती वेगाने जायलाच हवं, ते ती सांगून टाकते.

तर टोकांवरचं पद शून्य. क्षेत्रफळाला I(4) म्हणू, तर I(4) = 4 I(3). त्याच रीतीने I(3) = 3 I(2), I(2) = 2 I(1), I(1) = 1 · I(0). चार पायऱ्या उतरलो, चारही वेळा टोकांवर शून्य मिळालं. हातात आलं ते 4 · 3 · 2 · 1 · I(0).

बाय पार्ट्सने आतापर्यंत फक्त गुणक गोळा केले आहेत. I(0) जर शून्य असतं, तर या सगळ्या गुणकांना काडीची किंमत नसती. आणि I(0) म्हणजे साध्या e⁻ˣ चं इंटिग्रल:

∫₀^∞ e⁻ˣ dx = [ −e⁻ˣ ]₀^∞ = 0 − (−1) = 1

ते एक इथे सापडतं. वरच्या पायऱ्यांवर x = 0 ला शून्य मिळत होतं, कारण पुढे x चा कुठला तरी घात उभा होता आणि तो सगळं मिटवत होता. शेवटच्या पायरीवर तो घात संपला, x⁰ म्हणजे नुसता 1 उरला, आणि खालचं टोक पहिल्यांदा बोललं. त्या टोकापुढचं उणे आणि −e⁻ˣ मधलं उणे मिळून +1 झालं. अनंताकडच्या टोकाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत काहीच दिलं नाही. २४ मधला जो काही ऐवज आहे, तो सगळा x = 0 या एका बिंदूवरून, त्याही शेवटच्या पायरीवरून आला.

शिकवताना माझ्या पाहण्यात येतं ते असं की मुलं चार पायऱ्या शून्य-शून्य लिहून इतकी सरावतात, की पाचव्यालाही शून्य लिहून मोकळी होतात. उत्तर शून्य येतं. डोंगराएवढ्या धन वक्राखालचं क्षेत्रफळ शून्य! काही जण खालच्या मर्यादेचं उणे विसरतात आणि −24 लिहितात. दोन्ही उत्तरं आलेखाकडे एकदा बघितलं तरी बाद होतात, पण तेवढं बघायचं भान हवं.

टोकांवरची पदं अशी खोडत न जाता सगळी तशीच ठेवली तर? म्हणजे अनंतापर्यंत न जाता कुठल्यातरी A पाशी थांबायचं आणि काय काय साठतं ते पाहायचं. बाय पार्ट्स पाच वेळा लावून e⁻ˣ बाहेर काढलं, की

∫ x⁴ e⁻ˣ dx = −e⁻ˣ (x⁴ + 4x³ + 12x² + 24x + 24)

कंसातली बहुपदी म्हणजे x⁴, त्याचं डेरिव्हेटिव्ह, त्याचं डेरिव्हेटिव्ह, असं शेवटपर्यंत, सगळ्यांची बेरीज. चिन्हं आलटून पालटून येत नाहीत, सगळी अधिकच. खात्री करायची असेल तर उजव्या बाजूचं डेरिव्हेटिव्ह घेऊन पाहा. प्रत्येक पद शेजारच्याशी कटत जातं आणि x⁴ e⁻ˣ तेवढं उरतं. शेवटचं पद 24 आहे, तेच आपलं उत्तर, बहुपदीच्या शेपटाला लपून बसलेलं. x = 0 ठेवलं की आधीची सगळी पदं जातात आणि ते एकटं राहतं. आता 0 पासून A पर्यंतचं क्षेत्रफळ असं होतं:

24 − e^(−A) (A⁴ + 4A³ + 12A² + 24A + 24)

अनंताचा धाक इथे पूर्ण संपतो. आकडे घालून पाहता येतं. A = 4 म्हणजे शिखरापाशी थांबलो: कंसात 256 + 256 + 192 + 96 + 24 = 824, e⁻⁴ साधारण ०.०१८३१६, गुणाकार १५.०९. चोविसातून वजा केला की ८.९१. म्हणजे शिखरापर्यंत एकूण क्षेत्रफळाचा जेमतेम ३७ टक्के भाग येतो. उजवीकडची उतरण दिसते त्यापेक्षा बरीच जड आहे, वक्र सममित अजिबात नाही. A = 10 ला कंसात 15464, e⁻¹⁰ साधारण ०.००००४५४, गुणाकार ०.७०२, क्षेत्रफळ २३.२९८. आणि A = 20 ला कंस 197304 इतका फुगतो, तरी e⁻²⁰ त्याला ०.०००४ वर आणून ठेवतो, क्षेत्रफळ २३.९९९६. विसाच्या पलीकडे अनंतापर्यंत पसरलेल्या त्या सगळ्या शेपटीचा वाटा एवढाच.

अनंत मर्यादेचं इंटिग्रल म्हणजे A पर्यंतचं इंटिग्रल काढून मग A ला वाढू देणं, ही व्याख्या पुस्तकात वाचलेली असते. ती खरी कळते ती अशा वेळी, जेव्हा चोवीस ही संख्या वजाबाकीत आधीपासूनच उभी असते आणि A वाढताना फक्त तिच्यातून कापलं जाणारं पद विरून जातं.

आता उलट्या बाजूने जाऊ, कारण मला या विषयातलं सगळ्यात गमतीचं तिथे दिसतं. बाय पार्ट्समध्ये कोणाचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं आणि कोणाला इंटिग्रेट करायचं, ही निवड आपली असते. x⁴ चं डेरिव्हेटिव्ह घ्यावं असं शिकवतात, कारण त्याने घात कमी होतो. पण समजा कोणी e⁻ˣ चं डेरिव्हेटिव्ह घेतलं आणि x⁴ ला इंटिग्रेट केलं:

∫₀^∞ x⁴ e⁻ˣ dx = [ (x⁵/5) e⁻ˣ ]₀^∞ + (1/5) ∫₀^∞ x⁵ e⁻ˣ dx

घात वाढला. सहसा इथे लाल शेरा मारून "चुकीची निवड" असं सांगतात. चुकीचं काहीच नाही. I(4) = I(5)/5 हे अगदी बरोबर समीकरण आहे; मघाचाच जिना, फक्त चढत्या दिशेने वाचलेला. पुन्हा चढलो तर I(6)/30, मग I(7)/210. टोकांवरची पदं प्रत्येक वेळी शून्य: खाली x चा घात आहे म्हणून, वर e⁻ˣ आहे म्हणून. आणि आता मोह असा होतो: ही प्रक्रिया कधी संपतच नाही, टोकांवरची पदं सगळी शून्य, उरलेल्या इंटिग्रलपुढचा गुणक 1/5, 1/30, 1/210, 1/1680 असा घसरत शून्याकडे चाललाय. म्हणजे I(4) = 0 + 0 + 0 + … = 0.

हा युक्तिवाद मी एकदा फळ्यावर मुद्दाम मांडला होता, तेव्हा वर्गात बराच वेळ कोणालाच खोट दाखवता आली नाही. शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, गुणक लहान होतोय हे ठीक, पण ज्याला गुणतोय ते किती मोठं होतंय?" नेमकं तेच. I(5) = 120, भागिले 5, चोवीस. I(6) = 720, भागिले 30, चोवीस. I(7) = 5040, भागिले 210, चोवीसच. गुणक जितका आक्रसतो, तितकंच इंटिग्रल फुगतं. उरलेला भाग शून्याकडे जात नाही, तो पायरीगणिक अख्खाच्या अख्खा पुढे ढकलला जातो.

आलेखावर हे फार छान दिसतं. पाचव्या घाताला 5 ने भागलेला वक्र काढा, सहाव्याला 30 ने, सातव्याला 210 ने. प्रत्येकाखालचं क्षेत्रफळ २४ च, पण शिखर x = 5 वर, मग 6 वर, मग 7 वर. टेकडी उजवीकडे सरकत राहते, सरकताना बुटकी आणि रुंद होत जाते. तुम्ही कुठल्याही ठरावीक जागी उभे राहून पाहिलंत, तर काही काळाने तुमच्या पायाखाली काहीच उरलेलं नसेल. सगळं क्षेत्रफळ उजवीकडे निघून गेलेलं, हरवलेलं मात्र नाही. प्रत्येक बिंदूवर फलन शून्याकडे गेलं म्हणून त्याचं इंटिग्रलही शून्याकडे जाईलच असं नाही, हे इशाऱ्याचं वाक्य विश्लेषणाच्या पुस्तकात कृत्रिम उदाहरणं देऊन समजावतात. इथे ते एका रोजच्या इंटिग्रलच्या पोटातून आपसूक निघालं.

मग A पाशी थांबलो तर काय होतं? चढता जिना मर्यादित जागेत वापरला तर टेकडी A च्या पलीकडे निघून जाते आणि 0 ते A मधला उरलेला भाग खरोखरच शून्याकडे जातो. आता टोकांवरची पदं शून्य नाहीत, त्यांचीच बेरीज उत्तर होते:

∫₀^A x⁴ e⁻ˣ dx = e^(−A) (A⁵/5 + A⁶/30 + A⁷/210 + …)

24 बाहेर काढून लिहिलं तर कंसात A⁵/5! + A⁶/6! + A⁷/7! + … येतं. आणि मघाच्या उतरत्या जिन्याने दिलेलं उत्तर याच पद्धतीने लिहिलं तर ते 24 वजा 24 e^(−A) (1 + A + A²/2! + A³/3! + A⁴/4!) असं दिसतं. दोन्ही एकाच क्षेत्रफळाची रूपं, म्हणून दोन्ही समान. समान का, हे बघायला एवढंच लागतं की दोन्ही कंस जोडले की e^A ची संपूर्ण मालिका तयार होते. चौथ्या घातापर्यंतची पदं एका कंसात, पाचव्यापासून पुढची दुसऱ्यात. उतरायचं की चढायचं ही निवड म्हणजे त्या मालिकेचं डोकं घ्यायचं की शेपूट, एवढाच फरक. अनंताकडे गेलं की डोकं e^(−A) पुढे टिकत नाही. शेपूट मात्र जवळजवळ पूर्ण मालिकाच असल्यामुळे e^(−A) ला बरोबर तोलून धरतं आणि गुणाकार 1 कडे जातो. मला विचाराल तर n! येण्याचं याहून प्रामाणिक स्पष्टीकरण नाही.

दोन्ही वाटांची उपयुक्तताही सारखी नाही, आणि ते आकडेमोड करताना फार लवकर कळतं. समजा A = 0.01 इतका लहान आहे. उतरत्या वाटेने 24 मधून जवळजवळ 24 च वजा करायचे आहेत. खरं क्षेत्रफळ साधारण 1.98 × 10⁻¹¹ इतकं. दहा अंक दाखवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर ही वजाबाकी केली तर पडद्यावर शून्य येईल किंवा शेवटच्या अंकातली काहीतरी गडबड. सूत्र तंतोतंत बरोबर, उत्तर निरुपयोगी. चढत्या वाटेने मात्र A⁵/5 म्हणजे 2 × 10⁻¹¹, त्यात A⁶/30 ची चिमूटभर भर, आणि e^(−0.01) म्हणजे ०.९९००५ ने गुणाकार. दोन पदांत 1.983 × 10⁻¹¹ मिळून जातं. ज्या निवडीवर वर्गात लाल शेरा पडतो, ती इथे कामाला येते. याउलट A वीस असेल तर चढत्या मालिकेची पदं बराच काळ वाढतच राहतात आणि पुष्कळ पदं घ्यावी लागतात, तिथे उतरती वाट पाच पदांत संपते. आकडा गडबडतोय हे ओळखायची खूण म्हणजे दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी. ती दिसली की थांबून दुसरी वाट बघावी.

जाता जाता, याच उत्तराकडे नेणारी एक वेगवान वाटही आहे. e^(−ax) चं शून्य ते अनंत इंटिग्रल 1/a येतं; दोन्ही बाजूंचं a च्या संदर्भात n वेळा डेरिव्हेटिव्ह घेतलं आणि a = 1 ठेवलं की n! समोर येतं. भौतिकशास्त्रवाल्यांना ही फार प्रिय. सुंदर आहे, प्रश्नच नाही. पण इंटिग्रलच्या आत शिरून डेरिव्हेटिव्ह घेण्याची परवानगी कोणी दिली हा प्रश्न ती गिळून टाकते, आणि टोकांवर काय चाललंय ते कळतच नाही. म्हणून शिकताना मी आधी जिना उतरून घेतो.

जिन्याला खाली जमीन कुठे आहे, हेही पाहिलं पाहिजे. I(0) वर आपण थांबलो, कारण तिथे उत्तर सरळ मिळालं. कोणी हट्टाने आणखी एक पायरी उतरायला गेलं, तर सूत्र म्हणेल I(0) = 0 · I(−1). डावीकडे 1, उजवीकडे शून्य गुणिले काहीतरी. ते "काहीतरी" म्हणजे e⁻ˣ/x चं शून्यापासूनचं इंटिग्रल, आणि ते शून्याजवळ 1/x सारखं वागतं, म्हणजे त्याची किंमत सांतच नाही. शिवाय n = 0 असताना टोकांवरचं पद शून्य नसतं, तेच तर आपलं 1 आहे. टोक खोडायचा अधिकार n > 0 असेपर्यंतच होता. सूत्र यांत्रिकपणे चालवणाऱ्याला ही अट कुठेच लिहिलेली दिसत नाही, कारण ती खोडलेल्या पदासोबतच खोडली गेलेली असते.

आता n पूर्णांक नसेल तर? xⁿ e⁻ˣ ला n पूर्णांक असण्याशी काही देणंघेणं नाही, वक्र तसाच काढता येतो. 1, 2, 6, 24 या क्रमाच्या मधल्या जागा कशा भरायच्या, अर्ध्याचं फॅक्टोरियल किती, हा प्रश्न १७२० च्या दशकात गोल्डबाख आणि डॅनियल बर्नुली यांच्यासारख्या गणितींमध्ये फिरत होता. ऑयलरने १७२९ च्या ऑक्टोबरात गोल्डबाखला पत्रातून अनंत गुणाकाराच्या रूपात उत्तर कळवलं आणि जानेवारी १७३० मध्ये इंटिग्रलचं रूप दिलं. त्याने लिहिलेलं इंटिग्रल आपल्याला आज परकं वाटेल: शून्य ते एक, (−ln t)ⁿ चं. पण t = e⁻ˣ ठेवलं की dt = −e⁻ˣ dx, मर्यादा उलट्या होतात, त्यातलं उणे त्या उलटण्यात खर्च होतं, आणि समोर xⁿ e⁻ˣ उभं राहतं. पुढे लजांद्रने याला Γ हे चिन्ह दिलं, तेही एक घर सरकवून, त्यामुळे Γ(n+1) = n! असं लिहावं लागतं. त्या एका घराने किती जणांचे गुण गेले असतील कोण जाणे.

n = 1/2 घेऊ. टोकांवरचं पद −√x e⁻ˣ, दोन्ही टोकांना शून्य, म्हणून I(1/2) = (1/2) I(−1/2). पायरी कायदेशीर आहे. पण खाली आलो तर पायाखाली I(0) नाही. जिना पूर्णांकांच्या मधून उतरतोय, तो 1 च्या जागेवर कधी पोचणारच नाही. पुढची पायरी उतरावी, तर टोकांवर x^(−1/2) e⁻ˣ येतं आणि ते x = 0 ला अनंत होतं. रस्ता बंद. I(−1/2) चं इंटिग्रल मात्र अस्तित्वात आहे, कारण शून्याजवळ 1/√x इतक्या सौम्यपणे वाढतं की क्षेत्रफळ सांत राहतं. ते बाय पार्ट्सने मिळत नाही; x = t² ठेवावं लागतं. dx = 2t dt, वरचा t खालच्या t ला खातो आणि

I(−1/2) = 2 ∫₀^∞ e^(−t²) dt = √π

हे शेवटचं इंटिग्रल वेगळ्या युक्तीने, त्याचा वर्ग करून ध्रुवीय सहनिर्देशकांत नेऊन सोडवतात. म्हणजे I(1/2) = √π/2, साधारण ०.८८६. 0! = 1 आणि 1! = 1, दोन्ही सारखे, म्हणून मधली किंमतही एकच असेल असा अंदाज कोणीही केला असता; ती थोडी खाली वाकते. तिथून वर चढायला पुन्हा तोच जिना: I(3/2) म्हणजे त्याची दीडपट, १.३२९, एक आणि दोनच्या मध्ये. I(5/2) त्याची अडीचपट, ३.३२३, दोन आणि सहाच्या मध्ये. टोकांवर पुन्हा शून्य, शून्य, आणि या वेळी तळाशी एकच्या जागी √π.